बेचाळिसावी चिठ्ठी

मास्तरांच्या सदऱ्याला दोन खिसे असत. डाव्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या, उजव्यात भरलेल्या. लग्नाला गेले, मयताला गेले, दाढी करायला गेले, तरी खिसे तसेच. मयताच्या घरी एखाद्या म्हातारीनं हंबरडा फोडून रडता रडता दोन ओळी म्हटल्या की यांचा हात डाव्या खिशाकडे वळायचा, आणि मास्तरीणबाई कोपरानं ढोसायच्या, "अहो, निदान तिला धड रडू तरी द्या!" लोकांनी त्यांना चिठ्ठीमास्तर म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नाही.

शाळेत ते भाषा शिकवत. पण शिकवणं हा पोटाचा धंदा. जीव अडकलेला दुसरीकडेच. सुट्टी लागली की पिशवी खांद्याला आणि निघाले. राज्याचे चार मुलूख त्यांनी पायाखाली घातले होते: किनारा, पठार, डोंगर आणि नदीकाठ. बाया मुलांना झोपवताना काय म्हणतात, एवढंच ऐकायला. जिथं इतर मास्तर शिकवण्या घेऊन घराचा वरचा मजला चढवत होते, तिथं हे परक्याच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या पोरांची अंगाई ऐकत होते.

त्यांचे नियम मात्र कडक. चिठ्ठी एका बाजूलाच लिहायची, मागची बाजू कोरी सोडायची, म्हणजे चिठ्ठ्या जमिनीवर मांडून पत्त्यांसारख्या हलवता येतात. वर बाईचं वय, मग माहेरचं गाव, मग सासरचं. मुलूख ठरवायचा तो माहेरावरून. त्यांच्याबरोबर गाणी टिपायला येणारी नवीन पोरं इथंच माती खायची. बाई किनाऱ्यावर राहते म्हणून गाणं किनाऱ्याचं असं लिहून मोकळी व्हायची. बाई आली असेल डोंगरातून, आणि गाणं तिच्या ट्रंकेत बसून आलं असेल, हे कुणी विचारायचंच नाही. त्याखाली: कुणाकडून शिकली. काय करताना म्हणते. ऐकताना खोलीत आणखी कोण होतं. कारण सासू समोर असली की सून वेगळंच गाते. आणि मग गाणं, बाईच्या तोंडून आलं तसंच्या तसं. शब्द कळला नाही तरी सुधारायचा नाही. पहिली ओळ आपण सुचवायची नाही. आपण तोंड उघडलं की ती आपल्यालाच आपलं गाणं परत देते.

शेवटचा नियम सगळ्यात कडक: घरच्या माणसाचं गाणं घ्यायचं नाही. घरचं माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून गातं. शिवाय मास्तर म्हणत, "घरचं कुठं पळून चाललंय?"

अशा सहाशेवर चिठ्ठ्या जमल्या. त्यातलं एक गाणं चारही मुलखांत सापडलं. त्या गाण्यात नीज म्हणजे बाहेरून चालत येणारी बाई. किनाऱ्यावर ती होडीतून यायची, ओल्या पायांनी घरभर पाणी करायची. पठारावर तिच्या पायात काटा मोडलेला, म्हणून उशीर. नदीकाठी ती पल्याडच अडकलेली, कारण नावाडी जेवायला गेलेला, आणि म्हणून पोर जागं. हे ऐकून मास्तर खो खो हसले होते. डोंगरात ती कड्यावरून उतरायची आणि दाराशी उभी राहायची.

डोंगराचं गाणं त्यांना दोन परक्या बायांकडून मिळालं, आणि दोघींनीही ते दाराशीच सोडून दिलं. पुढचं कडवं मास्तरांच्या आईचं. मास्तरांचं मूळ घर डोंगरातलंच. आई पुढं निजेला सांगायची की तू आत येऊ नकोस. बाहेर थांब. एकदा आलीस तेव्हा घेऊन गेलीस, आता याला नेऊ नकोस. मास्तरांच्या आधीची एक बहीण चार महिन्यांची होऊन गेली होती. त्यानंतर आई ते तसं म्हणायला लागली की आधीपासूनच म्हणायची, कुणास ठाऊक. त्या कडव्यापाशी आली की तिचा थोपटणारा हात क्षणभर थांबायचा. आणि ते कडवं मास्तरांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही. घरचं. तोंडपाठ. ते कुठं पळून चाललंय?

मग सत्तावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी पुस्तक केलं. पातळसंच, शाळांसाठी. प्रत्येक मुलखाची एक ओळ घेऊन त्यांनी चारही मुलखांचं एक गाणं केलं:

नीज आली होडीनं, ओल्या ओल्या पायांनी,
नीज आली माळानं, काटा रुते पायात,
नीज आली कड्यानं, उभी माझ्या दारात,
नीज राही पल्याड, नावाडी गं जेवतो.

गाणं उभं राहिलं, पण शेवट लटकत होता. नीज पल्याडच राहिली तर शाळेतली पोरं झोपणार कशी? आईचं कडवं घालायचा विचार मनात आला, पण मरणाचं बोलणं पोरांच्या पुस्तकात नको म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत बसून, पेन्सिल चावत, त्यांनी स्वतःच्या पदरची एक ओळ जोडली: "चारी वाटा एक झाल्या, बाळ माझं निजलं गं." ओळ छान बसली. शिपायाला म्हणून दाखवली तर तो म्हणाला, "सर, डोळाच लागला की." मास्तर दिवसभर हवेत होते.

पुस्तक छापून झाल्यावर चिठ्ठ्यांचा खोका कपाटावर पडून होता. शाळेत कागदाची नेहमीची बोंब. मागची बाजू कोरी होतीच. परीक्षेचे बैठक क्रमांक बाकांना चिकटवायला मास्तरांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या काढून दिल्या. "छापून झालंय, आता काय करायचंय?" म्हणाले. सहाशे बायांची गाणी डिंक लावून बाकांना उलटी चिकटली आणि परीक्षा संपल्यावर ओल्या फडक्यानं पुसून काढली गेली.

गाणं मात्र पळत सुटलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात गेलं, तिथून शाळाशाळांत, रेडिओवर, बालवाड्यांत. कुणीतरी त्याला पेटी-तबला लावला. मास्तर निवृत्त झाले, केस गेले, दात गेले, पण कुठल्याही गल्लीतून जाताना खिडकीतून "चारी वाटा एक झाल्या" ऐकू आलं की ते दोन पावलं हळू चालायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "चला आता, तुमच्यासाठी नाही गात ती."

*

यंदा शाळेत भाषा शिकवायला नव्या बाई आल्या. तिशीच्या, तडतड बोलणाऱ्या, कामाला वाघ. त्यांनी अकरावीच्या वर्गाला प्रकल्प दिला: एकच अंगाई चार मुलखांत कशी बदलते. मुलींचे चार गट पाडले, आणि सगळ्या मास्तरांच्या घरी नियम समजून घ्यायला आल्या. किती तरी वर्षांनी मास्तरांच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडला. मास्तरांनी फळा नसल्यानं दारावर खडूनं रकाने आखून दाखवले.

"तुलना म्हणजे काय? साम्य किती, फरक किती, हे मोजणं नव्हे," ते म्हणाले. "फरक का पडला ते सांगायचं. जिथं नाव आहे तिथं नावाडी आहे. जिथं माळ आहे तिथं काटा आहे. एकच ओळ चार ठिकाणी वेगळी झाली की त्या त्या ठिकाणच्या बायांचं आयुष्य तिथं उघडं पडतं. आणि सगळीकडे एकच सापडलं, तर समजा की आपण चुकलो."

दोन महिन्यांनी नव्या बाई एकट्याच आल्या. हातात फोन, त्यात एकेचाळीस बायांचं गाणं. चेहरा खुललेला.

"सर, कमाल झाली! एकेचाळीस बाया, चारही मुलूख, माहेर तपासून घेतलंय. गाणं एकच! सगळं राज्य एकाच सुरात झोपतं, असा निष्कर्ष काढते मी."

मास्तरांनी फोन कानाशी धरला. किनाऱ्यावरची बाई गात होती. होडी आली, माळ आला, कडा आला, नावाडी जेवला, आणि मग, चारी वाटा एक झाल्या. मग पठाराची बाई. चारी वाटा. मग नदीकाठची. मास्तरांनी फोन खाली ठेवला.

"बाई, ही शेवटची ओळ माझी आहे."

"म्हणजे? तुम्ही शोधलेली?"

"मी केलेली. शनिवारी, शाळा सुटल्यावर. कुठल्याच बाईनं कधी म्हटली नव्हती. ही ओळ जिथं आहे, तिथं गाणं माझ्या पुस्तकातून आलंय, माहेरातून नाही."

बाईंनी पटापट फोन चाळला. "थांबा. तिघींच्या गाण्यात ती ओळ नाहीच!"

आशेचा किरण म्हणतात तो एवढाच. दोघांनी मान खाली घालून त्या तिघींचं गाणं ऐकलं. पण तिघींच्याही गाण्यात ओळींचा क्रम तोच: होडी, माळ, कडा, नाव. "हा क्रमही माझाच," मास्तर म्हणाले. "समुद्र बघितलेल्या बाईच्या गाण्यात माळावरचा काटा कशाला येईल? या तिघी शेवटची ओळ विसरल्यात, एवढंच. एकेचाळीसच्या एकेचाळीस गाणी माझीच."

"पण सर, आज्या आहेत यांत! पंचाहत्तरीच्या!"

"आज्यांना नातवंडं आहेत. नातवंडं शाळेत जातात."

बाईंनी फोन उपडा ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठ्या दाखवा ना. जुनं शेजारी नवं ठेवू. पुस्तकानं गाणी कशी खाल्ली, हाच प्रकल्प होईल. उलट भारी होईल."

मास्तरांनी बैठक क्रमांकांचं सांगितलं. बाईंना हसू की रडू कळेना. "उलटी चिकटवली?"

"उलटी."

"स्वतः?"

"डिंकही मीच आणला होता."

आतून मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या त्या म्हणाल्या, "मला घरात एक पिशवी टाकू देत नव्हते. म्हणे कामाला येईल."

बाईंनी चहा संपवला आणि मुद्द्यावर आल्या. "एक तरी गाणं पाहिजे, सर. पुस्तकाच्या आधीचं. एकच खरं असलं तरी बाकीची एकेचाळीस त्याच्यापुढं ठेवता येतील. नाहीतर मला 'सगळं राज्य एका सुरात' लिहूनच द्यावं लागेल. सोमवारी द्यायचंय."

मास्तर म्हणाले, "आईचं कडवं देतो की! कुठंच छापलेलं नाही ते."

बाईंनी फोन पुढं केला. मास्तरांनी डोळे मिटले, बोटानं गुडघ्यावर ठेका धरला. कड्यापर्यंत आले. दारात आले. आणि पुढं तोंडातून आलं, "चारी वाटा..." थांबले. पुन्हा कड्यापासून सुरू केलं. पुन्हा दारात आले. पुन्हा तेच. पाण्याचा लोट जसा उताराकडेच जाणार, तसं गाणं दरवेळी त्याच ओळीत घुसायचं. अर्थ सगळा आठवत होता; येऊ नकोस, बाहेर थांब, नेऊ नकोस. शब्द नव्हते. सत्तावीस वर्षं रोज ऐकून, ऐकवून, त्यांच्याच ओळीनं त्यांच्याच डोक्यातली आई पुसून टाकली होती. बाकावरची चिठ्ठी पुसावी तशी.

"आक्काला येत असेल," ते म्हणाले. "ती थोरली. तिनं ऐकलंय माझ्याही आधी."

*

आक्का म्हणजे मास्तरांची सख्खी बहीण, त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, आता एक्क्याऐंशीची. मुलाकडे राहायची, बसनं अडीच तासांवर. शनिवारी सकाळी मास्तर पोचले तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत बसून दाण्यातले खडे चाचपून काढत होती. डोळे जवळजवळ गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"कोण? चिठ्ठी आली का?" पावलं ओळखून ती म्हणाली. "आज सूर्य कुठून उगवला?"

"तुझं गाणं घ्यायला आलोय, आक्का."

"बाई गं! माझं?" तिनं ताट बाजूला सरकवलं. "सगळ्या मुलखातल्या बायांच्या दारात जाऊन बसलास. कुणाची होडी, कुणाचा काटा. मी म्हणायचे, आपला भाऊ एवढा फिरतो, एक दिवस आपल्याकडेही येईल. चाळीस वर्षं फिरकला नाहीस. आता दात पडल्यावर आलास होय रे?"

"नियम होता."

"डोंबल तुझा नियम."

सून स्वयंपाकघरातून हसली. मास्तरांनी तिला हळूच सांगितलं की थोडा वेळ आत येऊ नकोस. नव्या बाईंनी दिलेला फोन त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला, चालू केला, आणि गाण्याचं नावच काढलं नाही. नियमाप्रमाणे. जुन्या घराचं विचारलं. चूल कुठल्या कोपऱ्यात होती, पाणी कुठून आणायचो, पाळणा कुठल्या आढ्याला होता. आक्का रंगात आली. पाळणा मागच्या खोलीतल्या आढ्याला होता, त्याची दोरी करकरायची, आई दोरीला तेल लावायची.

"मग मधली होती ना आपली, ती त्याच पाळण्यात?"

"मग कशात? मीच हलवायचे. मी सहा वर्षांची." आक्काचा आवाज जरा खाली आला. "त्या सकाळीही मीच हलवत होते. आई म्हणाली, अगं थांब, ती उठत नाही."

मास्तर पुढं सरकून बसले. आता ती त्याच दारात होती. ते अगदी हळू म्हणाले, "तेव्हा आई काय म्हणायची गं?"

आक्कानं मान मागं टेकली. उजवा हात गुडघ्यावर थोपटायला लागला, पाळण्याच्या वेगानं. आवाज फाटका, पण सुराला पक्का.

"नीज आली होडीनं, ओल्या ओल्या पायांनी..."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ज्या डोंगरात ओढ्याला घोटाभर पाणी नसायचं, तिथं होडी आली. मग माळ आला. मग कडा. नीज दारात उभी राहिली. आणि त्यांनी डोळे उघडले तेव्हा आक्काचा हात गुडघ्यावर थांबलेला होता. एक ठोका. पुस्तकातल्या चालीत तिथं थांबणं नाही. मग हात पुन्हा चालू झाला, नावाडी जेवला, आणि आक्कानं सगळा जीव ओतून म्हटलं, "चारी वाटा एक झाल्या, बाळ माझं निजलं गं."

"आक्का, आई असं नव्हती म्हणत. आई म्हणायची, तू येऊ नकोस, बाहेर थांब. आठव ना. नेऊ नकोस म्हणायची."

"काहीतरीच! लेकराजवळ असलं अभद्र कुठली आई बोलेल?"

"आपली आई बोलायची. ऐकलंय मी."

"तू अंथरुणात मुतत होतास, तू काय ऐकलंस? मी हलवत होते पाळणा." ती चिडली. मग चिडणं ओसरलं, आणि ती लाजल्यासारखी हसली. "अरे, तू आईचं गाणं पुस्तकात घातलंस ना, तेव्हा मी सुनेकडून रोज वाचून घेतलं. एक शब्द चुकू दिला नाही. म्हटलं, निदान आईचं गाणं तरी आपल्या भावानं जपलं. तिन्ही नातवंडं याच्यावर झोपवली मी."

"तुझा हात का थांबला मघाशी?"

"कुठं थांबला?"

"कड्यानंतर. गुडघ्यावर."

आक्कानं हात उचलून मिचमिच्या डोळ्यांसमोर धरला, जणू त्यालाच विचारते. "ठणकला असेल गुडघा. थंडीत ठणकतो." आणि दाण्यांचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

मास्तरांनी आणखी दोनदा म्हणायला लावलं. दोन्ही वेळा हात सरळ चालला, कुठंही न अडखळता. फोनमध्ये आवाज तेवढा उतरला होता. हात उतरणारच नव्हता.

जाताना मास्तर बसच्या थांब्यावर बाकावर टेकले. डाव्या खिशातून कोरी चिठ्ठी काढली. वय एक्क्याऐंशी. माहेर: डोंगर. काय करताना म्हणते: पाळणा हलवताना. खोलीत कोण होतं: सख्खा भाऊ. थांबलेल्या हातासाठी रकाना नव्हता. चाळीस वर्षांत कधी लागला नव्हता, आणि एकदाच घडलेली गोष्ट नोंदवायची नसते, तीन वेळा घडली तरच ती रीत, हेही त्यांनीच पोरांना शिकवलेलं.

एक रकाना राहिला. कुणाकडून शिकली.

हा रकाना आपल्या मतानं भरायचा नाही. बाईनं सांगितलं तेच लिहायचं, तिचं म्हणणं खोटं आहे हे माहीत असलं तरी. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली राहिली. बस आली, दारातून कंडक्टर ओरडला, "आजोबा, येताय की राहताय?"

मास्तरांनी लिहिलं: आईकडून.

सोमवारी नव्या बाईंनी प्रकल्प दिला. बेचाळीस गाणी, चार मुलूख. मास्तरांनी पुस्तकाचं सगळं खरं कागदावर लिहून दिलं होतं. ते बाईंनी प्रामाणिकपणे शेवटी जोडलं. पण तपासणाऱ्यांनी शेवटचं पान गांभीर्यानं घेतलं नाही. त्यांचं म्हणणं पडलं की मास्तर नम्र आहेत, ओळ त्यांची कशी असेल? बेचाळिसावी चिठ्ठी बघा की: गाणारी एक्क्याऐंशी वर्षांची, पुस्तकाच्या कितीतरी आधीची, आणि थेट आईकडून शिकलेली. नोंद खुद्द मास्तरांच्या हातची.

प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. मुलींनी बक्षीस घेताना व्यासपीठावर ते गाणं म्हटलं, आणि समोरच्या सगळ्या बाया त्यांच्याबरोबर गायला लागल्या. मास्तर तिसऱ्या रांगेत होते. कड्यापर्यंत त्यांनीही म्हटलं. मग थांबून आईच्या शब्दांची वाट पाहिली.

मास्तरीणबाईंनी कोपरानं ढोसलं. "काय झालं? विसरलात?"

"हो," मास्तर म्हणाले.